तीन दिवसांची मुदत कोण लक्षात ठेवतो?

मुलुंड किंवा बोरिवलीत लग्नासाठी हॉल बघायला गेलेल्यांना हे वाक्य ओळखीचे असेल : "तारीख तीन दिवस धरून ठेवतो. तेवढ्यात ॲडव्हान्स भरा, नाहीतर सोडून देऊ." पूर्वी मॅनेजर डायरीत पेन्सिलने नाव लिहायचा, पैसे आले की त्यावर पेन फिरवायचा आणि रोज सकाळी डायरी चाळून मुदत उलटलेली नावे खोडरबराने पुसायचा. आता हेच काम हॉलच्या वेबसाइटमागचा संगणक करतो. मात्र ते करून घेण्याच्या दोन निराळ्या रीती आहेत. कोणती निवडली यावर, पैसे भरूनही तारीख हातातून जाईल की नाही, किंवा कोणीच पैसे न भरता तारीख महिनाभर अडकून राहील की नाही, हे ठरते.

पहिली रीत टायमरची. बुकिंग झाले त्याच क्षणी प्रणालीला सांगायचे, "बरोबर तीन दिवसांनी हे बुकिंग रद्द कर." प्रत्येक बुकिंगमागे एक टायमर. दुसरी रीत फेरीची. बुकिंगच्या नोंदीतच मुदतीची वेळ लिहून ठेवायची आणि दर मिनिटाला एका छोट्या प्रोग्रामने टेबलावर नजर फिरवून मुदत उलटलेल्या नोंदी उचलायच्या. नवख्या प्रोग्रामरला पहिली रीत सरळ वाटते. घटना आणि तिचा परिणाम तिथे एकाच ठिकाणी लिहिता येतो. फेरीची रीत त्याला गबाळी वाटते, कारण दिवसाला १,४४० वेळा टेबल तपासायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतायचे.

आधी टायमरच्या बाजूने जे बोलता येते ते पाहू, कारण त्यामागे फार सुंदर कल्पना आहे आणि तिचा एक धागा पवईपर्यंत येतो. पवईच्या आयआयटीतून १९८१ साली बी. टेक. झालेले जॉर्ज वर्गीस पुढे अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करत होते. तिथे त्यांनी अँथनी लॉक यांच्यासोबत 'टायमिंग व्हील' म्हणजे टायमरचे चाक ही रचना मांडली. त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता : नेटवर्कवर पाठवलेल्या प्रत्येक संदेशामागे एक टायमर लावावा लागतो, म्हणजे ठरावीक वेळात पोच आली नाही तर संदेश पुन्हा पाठवता येतो. असे हजारो टायमर एकाच वेळी चालू असताना, पुढचा कोणता वाजणार हे शोधण्यात संगणकाची शक्ती वाया जाऊ नये.

ही रचना घड्याळाच्या काट्यांसारखी चालते. सेकंदांच्या चाकाला ६० कप्पे, मिनिटांच्या चाकाला ६०, तासांच्या चाकाला २४ आणि दिवसांच्या चाकाला समजा ३०. सोमवारी सकाळी ११ वाजून ७ मिनिटांनी झालेल्या बुकिंगची मुदत गुरुवारी ११:०७ ला संपते. ही नोंद सुरुवातीला दिवसांच्या चाकावर गुरुवारच्या कप्प्यात पडते. गुरुवार उजाडला की ती तासांच्या चाकावर अकराच्या कप्प्यात उतरते, अकरा वाजता मिनिटांच्या चाकावर सातच्या कप्प्यात, आणि मग सेकंदांच्या चाकावरून वाजते. एका नोंदीला आयुष्यात फार तर चारदा हात लागतो. महिन्याच्या प्रत्येक सेकंदाला वेगळा कप्पा द्यायचा तर २५,९२,००० कप्पे लागले असते, इथे १७४ मध्ये भागले. नवा टायमर लावणे किंवा जुना काढणे यालाही जवळजवळ काहीच खर्च येत नाही, मग चाकावर शंभर टायमर असोत की दहा लाख. लिनक्सच्या गाभ्यात अशी चाके फिरतात, आणि काफ्का या संदेशवाहक प्रणालीतही वाट पाहणाऱ्या विनंत्या अशाच चाकांवर ठेवलेल्या असतात.

म्हणजे प्रत्येक नोंदीमागे एक टायमर ठेवणे महाग पडते, ही तक्रार १९८७ सालीच मिटली. तरीही हॉलच्या बुकिंगसाठी तो चुकीचा पाया ठरतो, आणि त्याचे कारण वेगाशी संबंधित नाही.

नेटवर्कवरचा टायमर काही मिलिसेकंद किंवा काही सेकंद जगतो. यंत्र बंद पडले तर टायमर जातो, पण ज्या जोडणीसाठी तो लावला होता तीही त्याच क्षणी तुटते. काहीच हरवत नाही. हॉलच्या मुदतीचे तसे नाही. ती माणसाला दिलेल्या शब्दाची मुदत आहे, आणि तीन दिवसांत प्रोग्राम बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची शक्यता भरपूर असते. नवी आवृत्ती चढवली, सर्व्हरची देखभाल झाली, मेमरी भरून प्रोग्राम कोसळला, असे काहीही घडू शकते. यंत्रासोबत संपणारी मुदत आणि यंत्र बंद पडल्यावरही शिल्लक राहणारी मुदत, हा या विषयातला खरा भेद आहे. यंत्राला पुरून उरणारी मुदत मेमरीतल्या टायमरवर सोपवता येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० हा सोमवार मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड झाला, मुंबई-ठाणे परिसरातली वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. कित्येक भागांत वीज यायला काही तास लागले. असा सोमवार पुन्हा आला आणि हॉलचा प्रोग्राम ऑफिसमधल्याच संगणकावर चालत असला, तर टायमरच्या रीतीत काय होईल? टेबल डिस्कवर आहे, त्यामुळे बुकिंग शाबूत राहतील. टायमर मेमरीत होते, ते सगळे पुसले जातील. वीज आल्यावर प्रोग्राम नीट चालू होईल, नवी बुकिंग घेईल, त्यांचे टायमरही लावेल. पण शुक्रवार, शनिवार आणि रविवारची तात्पुरती बुकिंग कोणीच रद्द करणार नाही. त्या तारखा अडलेल्याच राहतील. कुठेही चूक नोंदवली जाणार नाही, कारण चुकीचे काही घडलेलेच नसते. घडायला हवे ते फक्त घडले नाही. ऐन मुहूर्ताची तारीख महिनाभर अडकून आहे हे कोणा ग्राहकाच्या फोनवरून कळेल.

यावर उत्तर म्हणून टायमर टिकाऊ जागी ठेवणाऱ्या रांगा वापरतात. त्या वापरताना प्रत्येकीची मर्यादा माहीत हवी. ॲमेझॉनच्या एसक्यूएस रांगेत संदेश जास्तीत जास्त १५ मिनिटे लांबवता येतो, तीन दिवसांची तिथे सोयच नाही. पायथनच्या जगातले सेलेरी हे साधन रेडिसवर चालवले तर तासाभराची एक ठरीव मर्यादा आड येते. त्यापेक्षा लांबच्या वेळेचे काम 'कामगाराने घेतले पण पूर्ण केले नाही' असे समजून दुसऱ्या कामगाराला दिले जाते, मग तिसऱ्याला. मर्यादा वाढवली नाही तर गुरुवारी ११:०७ ला एकाच बुकिंगवर रद्द करण्याचे काम अनेकदा धावते आणि ग्राहकाच्या फोनवर तोच एसएमएस अनेकदा पडतो. मेमरीतल्या साध्या टायमरलाही मर्यादा असतेच : नोड.जेएसमधल्या `setTimeout` ला २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांपलीकडचा आकडा, म्हणजे पावणेपंचवीस दिवसांहून थोडी जास्त मुदत पेलत नाही. तीन दिवस चालतात, पण मॅनेजरने खास ओळखीच्या पार्टीला तीस दिवस दिले तर टायमर एका मिलिसेकंदात वाजतो आणि बुकिंग होताक्षणीच रद्द होते.

यातली एक गोष्ट तर गमतीची आहे. रुबी भाषेतले साइडकिक हे साधन 'तीन दिवसांनी हे काम कर' असे सांगू देते. आतून मात्र ते त्या कामांची वेळेनुसार लावलेली यादी रेडिसमध्ये ठेवते आणि सरासरी दर पाच सेकंदांनी तीत डोकावते. म्हणजे टायमरच्या नावाखाली तिथेही फेरीच चालू असते, फक्त दुसऱ्याच्या टेबलावर. आणि हे दुसरे टेबल असणे हीच अडचण आहे. बुकिंगची नोंद एका जागी आणि तिची मुदत दुसऱ्या जागी. नोंद लिहून झाली आणि टायमर लावण्याआधी प्रोग्राम कोसळला तर मुदत नसलेले बुकिंग मागे राहते. मंगळवारी ग्राहकाने फोन करून "अजून एक दिवस द्या" म्हटले आणि मॅनेजरने दिला, तर नोंदीत शुक्रवार लिहिला जातो, पण गुरुवारचा टायमर आपल्या वेळी वाजतोच. तो शोधून काढून टाकावा लागतो, आणि नेमके ते विसरले जाते.

आता फेरीची रीत. इथे मुदत म्हणजे बुकिंगच्या ओळीतला एक रकाना, `due_at`. बुकिंग आणि मुदत एकाच व्यवहारात लिहिली जातात, त्यामुळे एक आहे आणि दुसरी नाही असे होऊ शकत नाही. मुदत वाढवायची तर तो रकाना बदलला की काम झाले. पैसे आले तर स्थिती बदलली की काम झाले, काहीही शोधून काढायला लागत नाही.

रिकाम्या फेऱ्यांच्या खर्चाची जी धास्ती असते, ती एका ओळीने संपते :

```sql
CREATE INDEX hold_due ON booking (due_at)
WHERE status = 'HELD';
```

या सूचीत फक्त तात्पुरती बुकिंग असतात, तीही मुदतीच्या क्रमाने. हॉलच्या टेबलात वर्षानुवर्षांची लाखभर बुकिंग साठली तरी सध्या पेन्सिलीत असलेली चाळीसच असतील तर सूचीही चाळीस नोंदींची. फेरीला सूचीच्या टोकाची पहिली नोंद दिसते, तिची मुदत अजून यायची असते आणि काम तिथेच थांबते. सूची नसेल तर मात्र प्रत्येक फेरी सगळे टेबल वाचते. सुरुवातीला हे जाणवत नाही, टेबल वाढले की दर मिनिटाला वेबसाइट अडखळू लागते. अडखळणे घड्याळाच्या ठोक्यावर होत असेल तर दोष इथे शोधावा.

खुद्द फेरी, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, अशी लिहितात :

```sql
WITH due AS (
  SELECT id FROM booking
  WHERE status = 'HELD' AND due_at <= now()
  ORDER BY due_at LIMIT 100
  FOR UPDATE SKIP LOCKED)
UPDATE booking b SET status = 'EXPIRED'
FROM due WHERE b.id = due.id
RETURNING b.id;
```

यातल्या दोन जागा नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली `due_at <= now()`. पुष्कळ जण इथे 'गेल्या एका मिनिटात संपलेल्या मुदती' अशी अट घालतात. ती मोहक वाटते, पण वीज चार तास गेली की तेवढ्या वेळातल्या मुदती कोणत्याच फेरीच्या खिडकीत येत नाहीत आणि टायमर हरवल्यासारख्याच हरवतात. 'आतापर्यंत उलटलेल्या सगळ्या' अशी अट असेल तर वीज आल्यावरची पहिली फेरी मागचे सगळे साफ करते. प्रोग्राम किती वेळ बंद होता हे तिला माहीत असण्याचीही गरज नाही.

दुसरी जागा `SKIP LOCKED`. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१६ साली आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून आहे. एका नोंदीवर दुसरे कोणी काम करत असेल तर थांबून न राहता ती वगळून पुढे जायचे, असा तिचा अर्थ. त्यामुळे फेरी मारणारे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालले तरी एकच बुकिंग दोघांच्या हाती लागत नाही. आणि ग्राहकाचे पैसे नेमके त्याच क्षणी नोंदवले जात असतील तर फेरी ती नोंद सोडून देते. पुढच्या मिनिटाला ती परत येते तेव्हा स्थिती 'भरले' अशी झालेली असते आणि प्रश्नच उरत नाही.

पैसे नोंदवणारी बाजूही तेवढीच काटेकोर हवी. तिने `status = 'HELD'` असेल तरच 'भरले' लिहायचे आणि किती ओळी बदलल्या ते पाहायचे. शून्य ओळी बदलल्या याचा अर्थ फेरी आधी पोहोचली. मग पैसे परत करायचे किंवा तारीख अजून मोकळी असेल तर नव्याने द्यायची. यूपीआयने ११:०६ ला पाठवलेल्या पैशांची खबर हॉलच्या प्रणालीला ११:०९ ला मिळणे अगदी शक्य असते. म्हणून ग्राहकाने 'पैसे भरा' दाबताच मुदत दहा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवणे शहाणपणाचे. टेबलात ती एका रकान्याची दुरुस्ती आहे.

फेरीवरचा उरलेला आक्षेप उशिराचा. दर मिनिटाला फेरी असेल तर मुदत संपणे आणि नोंद रद्द होणे यांत सरासरी अर्धे मिनिट जाते. तीन दिवस म्हणजे ४,३२० मिनिटे, त्यात अर्ध्या मिनिटाने कोणाचे काही बिघडत नाही. तरी तेवढीही फट नको असेल तर ती फेरी वेगवान करून बुजवू नये. 'तारीख मोकळी आहे का' हे विचारणाऱ्या प्रश्नातच मुदत तपासावी : पैसे भरलेले बुकिंग, किंवा तात्पुरते असून `due_at > now()` असलेले बुकिंग, एवढ्यांनीच तारीख अडते. मग ११:०७ वाजून एक सेकंद झाला की पुढच्या ग्राहकाला तारीख मोकळी दिसते, फेरी अजून यायची असली तरी. त्याचे बुकिंग लिहिताना आधीची उलटलेली नोंद त्याच व्यवहारात रद्द करायची. तारीख सुटणे हे असे घड्याळावर सोपवले की फेरीकडे फक्त बाहेरची कामे उरतात : एसएमएस पाठवणे, प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला कळवणे.

फेरीलाही रोग होतात, पण ते दिसतात, हा तिचा मोठा गुण. समजा मॅनेजरने नियम बदलला : तीन दिवस म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या रात्री बारापर्यंत. आता सगळ्या मुदती एकाच क्षणी संपतात. एका हॉलला याने फरक पडत नाही, पण शेकडो हॉलची बुकिंग सांभाळणाऱ्या कंपनीकडे रात्री बाराला हजारो नोंदी एकदम येतात आणि शंभरच्या घासांनी त्या संपायला वेळ लागतो. शिवाय सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल आणि रात्रीचे बारा त्याच घड्याळाने मोजले असतील तर मुदत आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपते. हे पकडायला एकच आकडा पुरतो :

```sql
SELECT max(now() - due_at) FROM booking
WHERE status = 'HELD' AND due_at <= now();
```

सगळ्यात जुनी उलटलेली नोंद किती शिळी आहे, ते हा प्रश्न सांगतो. मिनिटाला फेरी असताना उत्तर पाच मिनिटांवर गेले तर फेरी बंद पडली आहे किंवा मागे पडते आहे, आणि तेव्हा कोणाच्या तरी फोनवर इशारा जायला हवा. हा इशारा फेरी मारणाऱ्या प्रोग्रामबाहेर ठेवायचा, नाहीतर दोघे एकत्रच मरतात. नुसत्या टायमरच्या रीतीत हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण मुदत टेबलात नसते.

मग टायमर कुठे वापरावेत? जिथे मुदत सेकंदांची आहे आणि समोर माणूस वाट पाहतो आहे तिथे. अंधेरीत रिक्षाची मागणी एका चालकाकडे गेली आणि त्याने पंधरा सेकंदांत घेतली नाही तर ती लगेच दुसऱ्याकडे जायला हवी. मिनिटाची फेरी तिथे निरुपयोगी. उलट रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम पाहा. यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोरच्या खात्यात पडले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही दिवसांत मोजलेली, पैशांची आणि जाब विचारला जाणारी मुदत. तिची जागा टेबलातच आहे.

दोन्ही गरजा एकत्र आल्या तर दोन्ही रीती एकत्र नांदतात. दर दहा मिनिटांच्या फेरीने आधीच उलटलेल्या आणि पुढच्या दहा मिनिटांत संपणाऱ्या मुदती टेबलातून उचलायच्या आणि तेवढ्यांपुरते मेमरीत टायमर लावायचे. प्रोग्राम कोसळला तरी सुरू होताच पहिली फेरी ते पुन्हा लावते. आणि टायमर कुठलाही असो, त्याने वाजल्यावर थेट रद्द करू नये. त्याने नोंदीचा क्रमांक घेऊन टेबलाकडे जावे, स्थिती अजून तात्पुरती आहे का आणि मुदत खरोखर उलटली आहे का हे पाहावे, नसेल तर गुपचूप परत यावे. एवढे पाळले की दोनदा वाजलेला, उशिरा वाजलेला किंवा मुदतवाढीनंतर वाजलेला टायमर निरुपद्रवी होतो.

म्हणून अशी प्रणाली बांधणाऱ्याने सुरुवात नेहमी टेबलापासून करावी : मुदतीचा रकाना, त्यावर सूची, मिनिटाची फेरी आणि शिळेपणाचा इशारा. हॉल, वाचनालय, दवाखाना किंवा सोसायटीचे सभागृह यांच्या तीन दिवसांच्या मुदतींना यापलीकडे काही लागत नाही. सेकंदांचा प्रश्न खरोखर उभा राहिला तरच वर टायमर चढवावा, आणि तो चढवल्यावरही फेरी बंद करू नये.